व्हीपीएननं पिंग कमी होतो का: नागपूरच्या लाइनवरच्या नोंदी

१४ जून

आमच्या ग्रुपमध्ये दोन तक्रारी एकत्र चालून राहिल्यात म्हणून हे लिहायला घेतलं. पहिली म्हणजे आतेभावाचा माइनक्राफ्ट सर्व्हर, तो सिंगापूरला नोकरीला आहे आणि तिथल्याच एका होस्टिंग कंपनीच्या मशीनवर त्यानं सर्व्हर टाकलाय, त्यावर मला सकाळी दुपारी कधीही पाहा, पिंग, म्हणजे डेटाचं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, १८५ मिलिसेकंदांच्या आसपास. दुसरी म्हणजे व्हॅलोरंटचा मुंबई सर्व्हर, दुपारी २६-२८ आणि रात्री नऊ वाजले की ९० पर्यंत उड्या. ग्रुपमध्ये प्रत्येकाचं एकच उत्तर, व्हीपीएन लाव बे, म्हणजे सगळं मधल्या दुसऱ्या एका मशीनमार्फत जाईल. तर लावून पाहतो, आणि आकडे इथे टाकत जातो.

आधी एक हिशोब, कारण याशिवाय कोणता पिंग वाईट हेच कळत नाही. फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किमी केबलमागे जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच, ते कोणीच कमी करू शकत नाही. नागपूर-मुंबई सरळ रेषेत ७०० किमीच्या आसपास, म्हणजे कमीत कमी ७. केबल काही सरळ रेषेत जात नाही, मधी राउटर असतात, मग २०-२५ येतो आणि तो चांगलाच आहे, त्यातून फार काही काढता येणार नाही. नागपूर-सिंगापूर ३५०० किमीच्या आसपास, म्हणजे कमीत कमी ३५, प्रत्यक्षात ६५ ते ८० यायला पाहिजे. मला १८५ येऊन राहिलाय. हे १०० चं जास्तीचं कुठून येतं तेच शोधायचं आहे.

१५ जून

घरापासून सुरुवात. वायफाय बंद, राउटरपासून खोलीपर्यंत लॅनची वायर ओढली, १५ मीटरची तयार केबल सीताबर्डीतून आणली. मग राउटरलाच पिंग करून पाहिला:

```
ping -n 200 192.168.1.1
```

वायरवर सगळे १ च्या खाली. आधी २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायवर हेच केलं होतं तेव्हा मधीमधी ३०-४० च्या उड्या होत्या, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात ओरडून राहिलाय. या उड्या व्हीपीएननं जाणार नाहीत, व्हीपीएनचं पॅकेटसुद्धा त्याच वायफायमधून जाते. ज्यांना आधी व्हीपीएन घ्यायचं आहे त्यांनी आधी हे करा, खर्च फक्त वायरचा.

वायर लावल्यावर सिंगापूर अजूनही १८५. म्हणजे तो प्रॉब्लेम घरातला नाही.

१७ जून

मोबाइलवर जाहिरात येते तसल्या एका पेड व्हीपीएनचा महिन्याचा प्लॅन घेतला. आधी व्हॅलोरंटसाठी "इंडिया" लोकेशन लावलं, म्हटलं मुंबईच आहे, फार तर पाच-दहा वाढेल. भर दुपारी, जेव्हा लाइन एकदम मोकळी असते, पिंग २७ वरून थेट २४० च्या वर गेला. खेळताच येत नाही.

कारण पाहिलं तर ते २०२२ पर्यंत मागे जाते. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सर्ट-इननं, २८ एप्रिल २०२२ ला नियम काढले की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, आयपी वगैरे माहिती पाच वर्षं ठेवायची. तेव्हा बऱ्याच बाहेरच्या कंपन्यांनी भारतातल्या मशिनी काढून घेतल्या. ॲपमध्ये "इंडिया" तसंच ठेवलं, पण त्यातलं आयपी फक्त भारताच्या नावावर नोंदवलेलं, मशीन सिंगापूरला किंवा आणखी कुठे. वेबसाइटला तुम्ही भारतात दिसता, एवढंच. गेमचं पॅकेट मात्र नागपूर ते सिंगापूर, तिथून मुंबई, आणि परत तसंच. आपल्या ॲपमध्ये "व्हर्च्युअल लोकेशन" असं कुठे बारीक लिहिलंय का ते पाहा, नसेल लिहिलं तर मुंबईच्या सर्व्हरचा पिंग पाहूनच कळते. खरोखर मुंबईत असलेल्या मशीनमधून गेलं तर नागपूरहून पाच-सात मिलिसेकंदांपेक्षा जास्त वाढायचं कारण नाही.

मग त्याच ॲपचं "सिंगापूर" लोकेशन माइनक्राफ्टसाठी लावलं. १८८. म्हणजे काहीच फरक नाही, उलट तीन वाढला.

हे पाहून मी रात्रभर विचार करून राहिलो होतो, कारण व्हीपीएन लावल्यावर रस्ता बदलतो हेच सगळे सांगतात. पण बदलतो कोणता? घरापासून व्हीपीएनच्या मशीनपर्यंतचा तुकडा माझाच प्रोव्हायडर नेतो, त्याच्याच मर्जीनं. व्हीपीएन बदलतं ते फक्त त्याच्या पुढचं. माझ्या घरून त्या व्हीपीएनच्या सिंगापूरच्या मशीनलाच पिंग केला तर १८६ आला. तिथून आतेभावाचा सर्व्हर दोन मिलिसेकंदांवर. बेरीज १८८. सगळा बिघाड पहिल्याच तुकड्यात आहे, तर पुढचा तुकडा कितीही चांगला असो, काय फायदा.

१८ जून

ट्रेसराउट, म्हणजे वाटेतला प्रत्येक राउटर, एकेक हॉप, आणि तिथवरचा वेळ दाखवणारी कमांड. सर्व्हरच्या आयपीच्या जागी मी इथे नमुन्याचं आयपी टाकतोय:

```
tracert -d 203.0.113.25
```

राउटर १, प्रोव्हायडरचं नागपूरचं गेटवे ४, मुंबई २२, मग चेन्नई, मग सिंगापूरमध्ये शिरल्यावर ६८. इथपर्यंत एकदम बरोबर. आणि त्याच्या पुढच्याच हॉपवर, होस्टिंग कंपनीच्या आत, १८४. शेवटपर्यंत तेवढाच.

ग्रुपमध्ये टाकल्यावर सगळे म्हणाले होस्टिंगवाल्याचं आतलं नेटवर्क भंगार आहे. पण एकाच शहरात ११६ मिलिसेकंद म्हणजे साडेअकरा हजार किमीच्या केबलवरून जाणं-येणं, हे सिंगापूरमध्ये बसेल कुठे? आणि आत गर्दी असती तर आकडा हलला असता, हा तर १८४ वर खिळलेला. ट्रेसराउट फक्त जाण्याचा रस्ता दाखवतो पण वेळ मात्र जाऊन परत येण्याचा मोजतो. म्हणजे पॅकेट सरळ जाते, परत येताना दुसरीकडून येते, आणि तो दुसरा रस्ता माझ्या स्क्रीनवर कधीच दिसत नाही.

तो पाहायचा असेल तर सर्व्हरकडूनच माझ्याकडे ट्रेस करावा लागते. आतेभावाला रात्री मेसेज केला, दादा तुझ्या मशीनवरून मला एक एमटीआर मारून दे. एमटीआर म्हणजे तोच ट्रेस पुन्हा पुन्हा करणारं टूल. त्याचा पहिला प्रश्न, तुझा आयपी कोणता. राउटरमध्ये पाहिलं तर १००.६४ नं सुरू होणारा आयपी, म्हणजे आम्ही सीजीनॅटमागे, शेकडो घरं एकाच पब्लिक आयपीवर. हरकत नाही, वेबसाइटवर जो पब्लिक आयपी दिसते तो दिला, ट्रेस प्रोव्हायडरच्या गेटवेपर्यंत आला तरी पुरते.

```
mtr -rwzc 100 198.51.100.7
```

१९ जून

दादाचा रिपोर्ट आला. राउटरच्या नावांमध्ये विमानतळाचे कोड असतात बहुतेक वेळा, ते वाचायचे. सुरुवातीला `sin`, मग सरळ `mrs`, मग `bom`. सिंगापूर, मार्से, मुंबई. फ्रान्स! माझ्या घरून सिंगापूरला पॅकेट चेन्नईवरून जाते आणि उत्तर फ्रान्सचा फेरा मारून येते. नागपूरहून वर्ध्याला जायचं आणि परत येताना गोंदियावरून यायचं तसं.

असं होते कारण बीजीपी नावाची जी व्यवस्था रस्ते ठरवते तिला मिलिसेकंद कळतच नाहीत. कोणत्या नेटवर्कचा कोणाशी करार आहे, कुठून पाठवलं तर स्वस्त पडते, मधी किती नेटवर्क येतात, यावर रस्ता ठरते. या होस्टिंगवाल्याचं माझ्या प्रोव्हायडरशी सिंगापूरमध्ये देणंघेणं नसावं, युरोपात कुठल्यातरी मोठ्या नेटवर्कमार्फत आहे, तर त्यांचं राउटर मुकाट तिकडे पाठवते. जाण्याचा रस्ता माझा प्रोव्हायडर ठरवतो, येण्याचा त्यांचं होस्टिंग, आणि दोघंही एकमेकांना विचारत नाहीत.

परवाचं पेड व्हीपीएनही याच रस्त्यानं येत असणार, कारण त्याचाही आकडा तितकाच.

आता काय करायचं ते स्पष्ट झालं. मला मधी अशी एक जागा पाहिजे जिच्यापर्यंत माझ्या प्रोव्हायडरचं जाणं-येणं सरळ आहे, आणि जिथून सिंगापूरचंही जाणं-येणं सरळ आहे. सर्व्हरचं उत्तर मग माझ्या प्रोव्हायडरकडे नाही तर त्या जागेकडे जाईल, आणि होस्टिंगवाला त्या जागेसाठी वेगळा रस्ता वापरेल. एवढंच व्हीपीएनचं काम. त्यासाठी ॲपची गरज नाही, आपलंच एक छोटं मशीन भाड्यानं घ्यायचं.

२१ जून

तासाच्या भाड्यानं मिळणारे दोन व्हीपीएस घेतले, एक मुंबईत, एक चेन्नईत. सगळ्यात लहान, १ जीबी रॅमवाले, गेमसाठी टनेल, म्हणजे घर ते व्हीपीएस असा व्हीपीएनचा रस्ता, चालवायला याहून मोठं लागत नाही. महिनाभर ठेवला तर ५०० रुपयांच्या आसपास, पण तपासायला दोन-चार तास चालवून बंद केला तर काही रुपयांत काम होते. महिन्याचे पैसे भरायच्या आधी असंच करा.

दोन तुकडे वेगवेगळे मोजले. घर ते मुंबईचा व्हीपीएस २३, तिथून दादाचा सर्व्हर ६१, बेरीज ८४. घर ते चेन्नई ४५, तिथून ३५, बेरीज ८०. नकाशावर चेन्नई वाटेतच आहे तरी तिथपर्यंत ४५ लागतात कारण माझा प्रोव्हायडर नागपूरचं सगळं आधी मुंबईलाच नेतो. चेन्नई चार मिलिसेकंदांनी पुढे आहे पण तिथला आकडा दुपारीही ४५ ते ६० असा हलत होता, मुंबईचा त्यामानानं थोडासाच. गेममध्ये स्थिर ८४ हा हलणाऱ्या ८० पेक्षा बरा, म्हणून मुंबई ठेवला, चेन्नईचा डिलीट केला. बंद केला नाही, डिलीट केला, कारण नुसता बंद ठेवला तर बऱ्याच ठिकाणी मीटर चालूच असते.

२२ जून

वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर टाकलं. आधी ओपनव्हीपीएनचा टीसीपी मोड लावून पाहिला होता कारण एका मित्राकडे त्याची तयार फाइल होती. तो लगेच काढला. गेमचं एक पॅकेट वाटेत हरवलं की टीसीपी ते परत येईपर्यंत मागचं सगळं थांबवून ठेवते, मग सगळं एकदम सोडते. स्क्रीनवर क्षणभर सगळं गोठते आणि मग सगळे खेळाडू उडी मारून दुसरीकडे. सरासरी पिंग बरा दिसते, खेळणं मात्र अशक्य. वायरगार्ड यूडीपीवरच चालते, त्यात हे थांबवून ठेवणं नाही.

घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल:

```
[Interface]
PrivateKey = ...
Address = 10.8.0.2/32

[Peer]
PublicKey = ...
Endpoint = vps.example.net:51820
AllowedIPs = 10.8.0.1/32, 203.0.113.25/32
PersistentKeepalive = 25
```

यातली `AllowedIPs` ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच गाइडमध्ये तिथे `0.0.0.0/0` असते, म्हणजे कॉम्प्युटरचं सगळंच व्हीपीएनमधून. आपल्याला फक्त दादाचा सर्व्हर त्यातून न्यायचा आहे, म्हणून त्याचंच आयपी. व्हॅलोरंट, यूट्यूब, डाउनलोड सगळं नेहमीच्या रस्त्यानं. शेवटची ओळ दर २५ सेकंदांनी एक लहान पॅकेट पाठवते, सीजीनॅटमागे असाल तर ती ठेवाच, नाहीतर थोडा वेळ गेममध्ये हललं नाही की प्रोव्हायडरचं गेटवे कनेक्शन विसरून जाते.

व्हीपीएसवर या दोन ओळी नसतील तर वायरगार्ड कनेक्टेड दाखवते, हँडशेक होते, व्हीपीएसला पिंगही लागते, पण पुढे काहीच जात नाही (नेटवर्क कार्डाचं नाव `eth0` नसेल तर आपलं टाका):

```
sysctl -w net.ipv4.ip_forward=1
iptables -t nat -A POSTROUTING -s 10.8.0.0/24 -o eth0 -j MASQUERADE
```

पिंग ८५. घरचे सगळे झोपले होते म्हणून ओरडलो नाही, पण ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट लगेच टाकला.

२३ जून

आनंद सकाळपर्यंतच टिकला. सर्व्हरवर लॉगिन होते, चॅट येते, पिंग ८५ दाखवते, पण जग लोडच होत नाही, लोडिंगच्या पडद्यावरच अडकून बसते. थोड्या वेळानं टाइम आउट.

लहान पॅकेट जातात आणि मोठी अडकतात, अशी लक्षणं दिसली की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त साइज, पाहायचा. चॅट आणि पिंग म्हणजे थोडेसे बाइट, जगाचे तुकडे येतात ते भरलेल्या पॅकेटमध्ये. आमची लाइन पीपीपीओईवर आहे, तिथे एका पॅकेटची मर्यादा १५०० नाही, १४९२ आहे. वायरगार्ड स्वतःचं आवरण घालते, आयपीव्ही४ वर ६० बाइट आणि आयपीव्ही६ वर ८०, आणि त्याचा नेहमीचा एमटीयू १४२०. व्ही४ वर १४२० आणि ६० म्हणजे १४८०, बसते. पण मी `Endpoint` मध्ये आयपी न टाकता नाव टाकलंय आणि विंडोजनं त्या नावाचा व्ही६ पत्ता उचलला, तर १४२० आणि ८०, पूर्ण १५००. आठ बाइटसाठी अडलं.

टनेलमधून मोजून पाहिलं:

```
ping 10.8.0.1 -f -l 1380
ping 10.8.0.1 -f -l 1392
```

पहिला जाते, दुसरा टाइम आउट. (पिंगच्या आकड्यात २८ मिळवायचे, म्हणजे दुसरा बरोबर १४२० चा झाला.) दोन्ही बाजूंच्या `[Interface]` मध्ये `MTU = 1412` टाकलं, टनेल बंद करून चालू केला, जग लगेच उघडलं. पूर्ण सकाळ यात गेली. इंटरनेटवर याला उपाय म्हणून लोक डीएनएस बदला, फायरवॉल बंद करा असं काहीही सांगून राहिलेत, त्याचा इथे काही संबंध नाही.

२६ जून

आता दुसरी तक्रार, व्हॅलोरंट रात्री. व्हीपीएस मुंबईतच आहे, गेमचा सर्व्हरही मुंबईत, म्हणून मुद्दाम रात्री साडेनऊला सगळा ट्रॅफिक टनेलमधून नेऊन पाहिला. विनाव्हीपीएन ६० ते ९०, व्हीपीएननं ६५ ते ९५, वर पॅकेट लॉसही तेवढाच.

हे होणारच होतं, ते दिसते पण. त्याच वेळी विनएमटीआर, म्हणजे विंडोजवरचं एमटीआर, चालवलं. हॉप एक, घरचा राउटर, १ च्या खाली. हॉप दोन, प्रोव्हायडरचं नागपुरातलंच गेटवे, दुपारी ४ असते ते आता ४० ते ६५ मध्ये नाचून राहिलं, लॉस ३ टक्के, आणि तो लॉस पुढच्या प्रत्येक हॉपवर शेवटपर्यंत तसाच. म्हणजे गर्दी आपल्याच गल्लीच्या मागे आहे, पॅकेट नागपूर सोडायच्या आधीच उशिरा झालेलं. व्हीपीएनचा दरवाजा मुंबईत. तिथे पोचायलाही याच गर्दीतून जायचं, वर आणखी एक थांबा. त्यात या गेमची कंपनी मुंबईपासून पुढे स्वतःचंच नेटवर्क वापरते, म्हणजे पुढे सुधारायला काही शिल्लकच नाही.

एक गोष्ट वाचताना लक्षात ठेवा. मुंबईच्या एका हॉपवर ४० टक्के लॉस दिसत होता आणि त्याच्या पुढच्या हॉपवर तेच आपले ३ टक्के. तो ४० टक्के खरा नाही, ते राउटर पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करते, गेमचं पॅकेट मात्र बिनबोभाट पुढे पाठवते. खरा लॉस जिथून सुरू होते तिथून शेवटपर्यंत दिसते. याच चुकीच्या हॉपचा स्क्रीनशॉट दाखवून लोक कस्टमर केअरशी भांडतात आणि समोरचा तक्रार बंद करून टाकतो.

३० जून

दुपारचा आणि रात्रीचा असे दोन रिपोर्ट प्रिंट काढून आमच्या भागाचं कनेक्शन पाहणाऱ्या काकांकडे गेलो. "स्पीड तर पूर्ण येऊन राहिली ना भाऊ तुमची?" हा पहिला प्रश्न. स्पीड येतेच, स्पीड टेस्ट काही सेकंद जोर लावून आकडा काढते, त्या आकड्यात उशीर दिसत नाही. काकांना हॉप दोनचा दुपारचा ४ आणि रात्रीचा ६० शेजारी ठेवून दाखवला, आणि शेजाऱ्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर त्याच वेळी मुंबई २५ आहे हेही दाखवलं. मग ते मान्य झाले की संध्याकाळी त्या पोर्टवर लोड जास्त आहे. पाऊस थांबला की दुसऱ्या पोर्टवर टाकतो म्हणाले.

४ जुलै

पोर्ट बदलला. रात्री दहाला मुंबई ३० ते ३४, लॉस शून्य. व्हीपीएनशिवाय, खर्च शून्य.

१९ जुलै

दादानं तो मार्सेवाला रिपोर्ट त्याच्या होस्टिंगच्या सपोर्टला पाठवला होता, त्यांनी काहीतरी बदललं असं दिसते. आज टनेल बंद करून सहज पिंग केला तर दादाचा सर्व्हर थेट ७१. टनेल चालू केला तर ८४. त्याच्याकडून पुन्हा एमटीआर मागवला, आता `sin` नंतर सरळ `maa`, म्हणजे चेन्नई.

म्हणजे जो टनेल महिनाभर १०० मिलिसेकंद वाचवत होता तोच आता १३ वाढवून राहिलाय. रस्ते असे न सांगता बदलतात, कधी चांगले कधी वाईट, समुद्रातली केबल तुटली की पुन्हा फेरा सुरू होऊ शकते. म्हणून टनेल बंद केला, फाइल ठेवली, आणि दर रविवारी थेट रस्त्याचे शंभर पिंग लिहून ठेवणारी एक बॅच फाइल लावलीय. व्हीपीएस आज डिलीट केला. परत लागला तर पंधरा मिनिटांचं काम, वरच्या ओळी आहेतच, फक्त नव्या व्हीपीएसचा पत्ता `Endpoint` मध्ये टाकायचा आणि एमटीयू पुन्हा तपासायचा.